सरासरी धरणाऱ्या क्विझचा चौथा अटेम्प्ट

*ताई, नोकरी सांभाळून एक ऑनलाइन कोर्स करतेय. सर्टिफिकेटवरची श्रेणी शेवटच्या एका क्विझवर ठरते. वीस प्रश्न, प्रत्येकी पाच मार्क, आणि पाच अटेम्प्ट. पहिला अटेम्प्ट मी काहीही न वाचता, प्रश्न कसे येतात ते बघायला दिला. 40 मिळाले. मग अभ्यास करून 70, आणि परवा 85. प्रथम श्रेणीला 75 लागतात, म्हणून मी खुशीत होते. पण पानावर माझे मार्क 65 दिसतात! मैत्रिणीच्या कोर्समध्ये सगळ्यात चांगला अटेम्प्ट धरतात. प्रश्न दर वेळी बदलतात, दुसऱ्या वेळी सहा-सात पहिल्यातलेच आले होते. आता चौथा अटेम्प्ट देऊ का? 85 च्या खाली गेले तर आहे तेही जाईल अशी भीती वाटते. आणि अशी सरासरी काढणं बरोबर आहे का?*
*— दोन अटेम्प्ट उरलेली*

प्रिय मैत्रीण,

अटेम्प्ट द्या, पण आज नाही. आणि एक देऊन थांबू नका, दोन्ही द्यायची तयारी ठेवून बसा. तुमच्या आकड्यांत एकट्या चौथ्या अटेम्प्टने 75 गाठणं शक्यच नाही. दोन्ही मिळून मात्र शक्य आहे. ते कसं, हे पुढे सविस्तर सांगते.

तुमच्या क्विझला सरासरीचाच नियम लावलेला आहे, हे 65 या आकड्यावरूनच कळतं. 40, 70 आणि 85 यांची बेरीज 195, भागिले तीन, 65. पहिला अटेम्प्ट धरला असता तर 40 दिसले असते. सगळ्यात चांगला किंवा सगळ्यात शेवटचा धरला असता तर 85. मैत्रिणीचंही चुकलेलं नाही. हा नियम वेबसाइटचा नसतो, एकेका क्विझचा असतो. क्विझ बनवणारा माणूस सेटिंगमध्ये तो निवडतो. Moodle या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर त्या सेटिंगचं नाव Grading method आहे आणि त्यात चार पर्याय असतात: Highest grade, Average grade, First attempt आणि Last attempt. Canvas या तशाच सॉफ्टवेअरवरही Highest, Latest आणि Average असे पर्याय असतात. एकाच कोर्समध्ये सरावाच्या क्विझला एक नियम आणि शेवटच्या क्विझला दुसरा, असंही असू शकतं.

तुमचा कोर्स Moodle वर चालत असेल तर क्विझ सुरू करायच्या बटणाचं जे पान आहे, त्यावर किती अटेम्प्ट आहेत त्याच्या आसपास ही ओळ सापडेल:

```
Grading method: Average grade
```

बारीक अक्षरातली ओळ असते, कुणी थांबून वाचत नाही. तुमच्याकडून ती सुटली असेल तर त्यात वाईट वाटून घेऊ नका. तरीही एकदा जाऊन बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे लागेल. हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते. तुमचे मार्क दर वेळी वाढतच गेले असतील आणि पानावर सगळ्यात मोठा आकडा दिसत असेल, तर तेवढ्यावरून 'सर्वोत्तम धरतात' असं समजू नका. 'शेवटचा धरतात' या नियमातही तोच आकडा दिसतो. फरक कळतो तो पुढच्या वेळी मार्क घसरल्यावर, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. म्हणून ती ओळ पहिल्या अटेम्प्टच्या आधी वाचायची असते.

आता तुमच्या भीतीकडे येते. 85 च्या खाली गेले तर आहे तेही जाईल, असं तुम्ही म्हणता. सरासरीच्या नियमात 85 तुमच्या हातात नाहीच. हातात 65 आहेत. चौथ्या अटेम्प्टला 65 पेक्षा एक मार्क जरी जास्त मिळाला तरी सरासरी वर सरकते, 65 पेक्षा कमी मिळाले तरच खाली येते. 70 मिळाले समजा. परवाच्या 85 पुढे ते वाईट वाटतील, पण सरासरी 65 वरून 66.25 होईल. तुलना नेहमी आत्ताच्या सरासरीशी करायची, आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाशी नाही. 'चांगले मिळालेत, आता हात लावायला नको' हा सल्ला लोक प्रेमाने देतात. तो 'शेवटचा अटेम्प्ट धरतात' या नियमात योग्य आहे. तुमच्या नियमात तो ऐकलात तर 65 वरच अडकाल.

पण वर सरकणं वेगळं आणि 75 ला पोचणं वेगळं. हवी ती सरासरी गुणिले एकूण अटेम्प्ट, त्यातून आतापर्यंतची बेरीज वजा, असा हा हिशोब आहे. चार अटेम्प्टमध्ये 75 ची सरासरी म्हणजे बेरीज 300 हवी. तुमच्याकडे 195 आहेत, म्हणजे चौथ्यात 105 हवेत, आणि क्विझ शंभराची आहे. पाच अटेम्प्ट धरले तर बेरीज 375 हवी. त्यातून 195 गेले की उरतात 180. ते दोन अटेम्प्टमध्ये मिळवायचे, म्हणजे सरासरी 90. चौथ्यात 95 आले तर पाचव्याला 85 पुरतील. चौथ्यात 80 आले तर पाचव्यात पूर्ण शंभर लागतील. चौथा 80 च्या खाली गेला तर प्रथम श्रेणीचा दरवाजा बंद. एवढे आकडे कागदावर लिहून समोर लावून ठेवा.

म्हणजे खरा प्रश्न असा आहे की आज बसलात तर तुम्ही नव्वदच्या विद्यार्थिनी आहात का? परवाच्या 85 वरून तसं वाटेल, पण एका अटेम्प्टवर मी विसंबणार नाही. तुमच्या पत्रातल्या एका छोट्या गोष्टीचा इथे फार उपयोग होतो: दुसऱ्या वेळी सहा-सात प्रश्न पहिल्यातलेच आले.

अशा क्विझमागे प्रश्नांचा एक साठा असतो, त्याला प्रश्नपेढी म्हणतात. दर अटेम्प्टला त्यातून चिठ्ठ्या उचलल्यासारखे वीस प्रश्न उचलले जातात असं धरू. पेढीत साठ प्रश्न असतील तर पहिल्या वीस प्रश्नांचा वाटा पेढीच्या एक तृतीयांश होतो. म्हणून दुसऱ्या वेळच्या वीस प्रश्नांपैकीही साधारण एक तृतीयांश, म्हणजे सहा-सात, आधी पाहिलेले निघतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालं. पेढीत शंभर प्रश्न असते तर चारच्या आसपास परत आले असते, चाळीस असते तर दहा. हा अंदाज आहे. एकदोन प्रश्न इकडेतिकडे होतील आणि त्याने पेढीचा आकडाही बराच हलेल. म्हणून परवाच्या अटेम्प्टमध्ये आधीच्या दोनपैकी किती आले तेही मोजा. साठाची पेढी असेल तर अकरा-बारा यायला हवेत. पाच-सहाच आले असतील तर पेढी बरीच मोठी आहे, आणि माझा पुढचा हिशोब तुम्हाला त्याप्रमाणे कमी करावा लागेल.

साठाचीच धरून चालू. प्रत्येक अटेम्प्टमध्ये एखादा प्रश्न न येण्याची शक्यता दोन तृतीयांश. तीन अटेम्प्ट झाल्यावरही कधीच न आलेले प्रश्न दोन तृतीयांशाचा तीनदा गुणाकार, म्हणजे सत्तावीसातले आठ, जवळपास तीस टक्के. चौथ्यात येणाऱ्या वीसपैकी चौदाच्या आसपास ओळखीचे असतील आणि सहा कोरे. ओळखीचे सगळे बरोबर आले आणि कोऱ्यांपैकी चार जमले, तर अठरा प्रश्न, म्हणजे 90. तुमचं लक्ष्य त्या चौदामध्ये एकही न चुकण्यावर उभं आहे. ते मनावर घेतलं की तयारी कशी करायची ते आपोआप ठरतं.

तीन अटेम्प्टमध्ये तुमचे बारा, सहा आणि तीन, असे एकवीस प्रश्न चुकले. Review उघडून ते सगळे एका वहीत उतरवा, उत्तरासकट नाही, फक्त प्रश्न आणि तो कुठल्या धड्यातला आहे ते. Review मध्ये किती दिसेल हे क्विझ बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. कधी बरोबर उत्तर दिसतं, कधी फक्त चूक की बरोबर एवढंच, कधी क्विझ बंद झाल्यावरच सगळं उघडतं. जेवढं दिसतंय तेवढं घ्या. धड्यांची नावं लिहून झाली की एकवीस चुका एकवीस ठिकाणी विखुरलेल्या नाहीत हे बहुतेक वेळा लगेच दिसतं. दोन-तीन धड्यांतच त्यांची गर्दी असते. तेच धडे पुन्हा करा, कारण सहा कोऱ्या प्रश्नांपैकी काही तिथूनच येणार आणि तिथे पाठ केलेलं उत्तर कामाला येणार नाही.

मग वहीतले एकवीस प्रश्न दोन दिवसांनी, पुस्तक बंद करून, घड्याळ लावून कागदावर सोडवा. पर्याय न बघता उत्तर सुचलं पाहिजे आणि बाकीचे पर्याय का चूक ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. असं दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, एकही चूक न होता जमलं की बसा. एकदाच जमलं तर थांबा. क्विझ बंद व्हायची तारीख आधी बघून ठेवा आणि दोन अटेम्प्टमध्ये किमान दोन दिवसांचं अंतर राहील असं आखा. काही ठिकाणी दोन अटेम्प्टमध्ये सक्तीचं अंतरही लावलेलं असतं. शेवटच्या दिवशी चौथा दिला आणि पाचवा उघडेचना, असं व्हायला नको.

आता एका धोक्याबद्दल, जो सरासरीच्या नियमात सगळ्यात महाग पडतो. अटेम्प्ट सुरू करायचं बटण दाबल्यापासून घड्याळ चालू होतं. खिडकी बंद केली, नेट गेलं, फोन आला, तरी ते थांबत नाही. बऱ्याच क्विझमध्ये वेळ संपली की अर्धवट अटेम्प्ट आपोआप सबमिट होतो आणि उत्तर न दिलेल्या प्रश्नांना शून्य पडतं. काही क्विझ उलट ठेवलेल्या असतात: वेळेत सबमिट नाही केलं तर तो अटेम्प्ट मोजतच नाहीत. तुमच्याकडे कुठलं आहे हे माहीत नसेल तर पहिलंच धरून चाला. 'फक्त बघते' म्हणून चौथा उघडलात, बंद केलात आणि त्याला शून्य पडलं, तर सरासरी 48.75 होईल. पाचव्यात शंभरपैकी शंभर मिळवलेत तरी ती 59 वरच थांबेल. सर्वोत्तम धरणाऱ्या क्विझमध्ये याच चुकीने काहीही बिघडलं नसतं, 85 तसेच राहिले असते. दोन्ही नियमांतला फरक मला विचाराल तर तो इथे सगळ्यात जास्त बोचतो. म्हणून लॅपटॉपवर बसा, चार्जर लावा, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि पूर्ण वेळ मोकळा असल्याशिवाय ते बटण दाबू नका. उत्तर येत नसलं तरी प्रश्न कोरा सोडू नका. चूक उत्तराचे मार्क कापत असतील तरच वेगळा विचार करायचा, आणि ते सूचनांमध्ये लिहिलेलं असतं.

हे सगळं मनापासून केलंत आणि खरोखर नव्वद टक्के प्रश्न जमण्याइतकी तयारी झाली, तरी खात्री देता येत नाही. दर प्रश्न बरोबर येण्याची शक्यता दहात नऊ असेल, तर दोन अटेम्प्टच्या चाळीस प्रश्नांत निदान छत्तीस बरोबर येण्याची शक्यता शंभरात साधारण 63 आहे. दोन-तीन प्रश्नांचं नशीब आडवं येऊ शकतं. म्हणून चौथा देण्याआधी कोर्सच्या शिक्षकांना एक मेल लिहा असं मी सांगेन.

काय मागायचं, यावर मी बराच विचार केला. तीन गोष्टी मागता येतात. पहिली, नियम बदलून सर्वोत्तम धरा. तांत्रिकदृष्ट्या हे दोन मिनिटांचं काम आहे. सेटिंग बदललं की आधी दिलेल्या अटेम्प्टवरूनच सगळ्यांचे मार्क पुन्हा मोजले जातात, कुणालाही परत बसावं लागत नाही. पण तो बदल प्रत्येकाला लागू होतो, आणि कोर्स चालू असताना शिक्षक सहसा त्याला तयार होत नाहीत. दुसरी, पहिला अटेम्प्ट काढून टाका. तो काढला तर तुमची सरासरी आत्ताच 77.5 होते, म्हणून मोह होईल. शिक्षकांना एखादा अटेम्प्ट काढता येतो, तशी सोय असते. पण ती सोय सिस्टिम बंद पडली, प्रश्नच चुकीचा निघाला, अशा वेळेसाठी आहे. तुमचे 40 खरे आहेत, ते तुम्ही दिलेल्या उत्तरांचे आहेत. ते पुसा असं मी मागणार नाही आणि तुम्हीही मागू नये असं मला वाटतं.

तिसरी मागणी मला योग्य वाटते: एक जादा अटेम्प्ट. Moodle वर User overrides नावाची सोय आहे, तिने एकाच विद्यार्थ्याला जास्तीचा अटेम्प्ट देता येतो, इतरांना धक्का न लावता. तो मिळाला तर तुमचा हिशोब केवढा सोपा होतो बघा. सहा अटेम्प्टची बेरीज 450 हवी, त्यातून 195 गेले की 255 उरतात, तीन अटेम्प्टमध्ये प्रत्येकी 85. नव्वदऐवजी 85, जे तुम्ही एकदा मिळवून दाखवलेत. आणि तयारी तीच धरली, दहात नऊ, तर 75 गाठण्याची शक्यता शंभरात 63 वरून नव्वदच्या पुढे जाते. ही मेहेरबानी नाही. साठ प्रश्नांत एकावन्न बरोबर आणूनच ती श्रेणी मिळणार आहे.

मेल छोटा ठेवा. असा काहीसा:

"सर/मॅडम, शेवटच्या क्विझचे मार्क सगळ्या अटेम्प्टची सरासरी काढून ठरतात हे मला तिसऱ्या अटेम्प्टनंतर कळलं. पहिला अटेम्प्ट मी प्रश्नांचा अंदाज घ्यायला, अभ्यास न करता दिला होता. माझे मार्क 40, 70 आणि 85 आहेत. आधीचे मार्क बदलावेत अशी माझी विनंती नाही. मला एक जादा अटेम्प्ट देता येईल का? आणि वेळ संपल्यावर अर्धवट अटेम्प्ट सबमिट होतो की रद्द होतो, हेही कृपया कळवावं."

कोर्सच्या माहितीत फक्त 'पाच अटेम्प्ट मिळतील' एवढंच लिहिलं असेल आणि सरासरीचा उल्लेख कुठेच नसेल, तर तेही एका वाक्यात लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. क्विझच्या पानावर ती ओळ दिसत असेल तर तक्रारीचा सूर लावू नका, नुसती विनंती करा. उत्तर येईपर्यंत चौथा देऊ नका. नकार आला तर काही गमावलेलं नाही, 180 चा रस्ता आहेच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सरासरी काढणं बरोबर आहे का. यावर माझं मत ठाम आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. ऑनलाइन कोर्ससाठी क्विझ बनवायचं काम मी बरीच वर्षं केलं. सुरुवातीच्या एका क्विझला मी मुद्दाम सरासरी लावली होती. लोक अंदाजपंचे उत्तरं देत पाच वेळा नशीब आजमावतात, ते थांबावं म्हणून. अंदाजपंचे उत्तरं थोडी कमी झाली खरी. पण अटेम्प्टची यादी उघडली तेव्हा एका ओळीवर माझी नजर थांबली. कुणीतरी पहिल्यात 30, दुसऱ्यात 35 आणि जवळपास तीन आठवड्यांनी 95 मिळवले होते. त्या तीन आठवड्यांत त्या व्यक्तीने काय केलं असेल ते मला दिसत होतं. आणि शेजारच्या रकान्यात मी दिलेले मार्क होते, 53.33. खालच्याच ओळीत एकाने पहिल्यांदा 90 मिळवले होते आणि पुन्हा क्विझ उघडलीच नव्हती. उघडली असती तर फक्त खाली जायची भीती होती, मग कशाला उघडेल? शिकवण्यासाठी ठेवलेले पाच अटेम्प्ट मीच बंद करून टाकले होते. त्या दिवशी मी सेटिंग बदललं.

तरी सर्वोत्तम धरणं निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही, आणि तुमच्या शिक्षकांच्या मनात काय असेल तेही समजून घ्यायला हवं. समजा एखाद्याला विषय सत्तर टक्के येतो आणि क्विझ दहा प्रश्नांची आहे. एका अटेम्प्टमध्ये त्याला नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात 15 आहे. पाच अटेम्प्ट दिले, मधल्या काळात पानही उलटलं नाही, तर त्यातल्या एकात तरी नऊ-दहा येण्याची शक्यता 55 होते. म्हणजे काहीही नवीन न शिकता निम्म्याहून जास्त वेळा नव्वदचं सर्टिफिकेट. ज्याला सर्टिफिकेट बघून कुणाला तरी काम द्यायचं आहे, त्याच्या दृष्टीने हे बरं नाही. पण त्यावर सरासरी हा उपाय नाही. पेढी मोठी ठेवावी, दहाऐवजी तीस प्रश्न विचारावेत आणि दोन अटेम्प्टमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर सक्तीचं करावं. नशिबाचा भाग यानेच आटोक्यात येतो, आणि शिकलेल्या माणसाला त्याच्या न शिकलेल्या दिवसाची शिक्षाही होत नाही. सरासरी लावायचीच असेल तर ती पहिल्या अटेम्प्टच्या आधी, ठळक अक्षरात सांगितली पाहिजे. तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही 'बघायला' म्हणून अटेम्प्ट दिलाच नसता, आणि आज तुमची सरासरी 77.5 असती.

चौथ्याचा निकाल लागला की लगेच पाचवा उघडू नका. आधी कागदावरची बेरीज करा. 80 किंवा जास्त असतील, तर 375 मधून एकूण बेरीज वजा करून जो आकडा उरेल तो पाचव्याचं लक्ष्य. जादा अटेम्प्ट मिळाला असेल तर 450 मधून वजा करा आणि उरलेले दोघांत वाटा. 80 च्या खाली असतील आणि जादा अटेम्प्ट नसेल, तर 75 सोडून द्या आणि खालच्या श्रेणीची रेषा कुठे आहे ते बघा. पाचव्याने तिथपर्यंत पोचता येत असेल तरच तो द्या. आणि चौथ्यात चुकलेले प्रश्न त्याच दिवशी वहीत उतरवा, कारण पाचव्यात कोरे प्रश्न चारच्या आसपास उरतील आणि बाकीचे सगळे त्या वहीतून किंवा तुम्ही आधी बरोबर दिलेल्यांतून येतील.